पाटी बदलण्याआधी

मुलगी शिकून, चार वर्षं बाहेर नोकरी करून घरच्या दुकानात येते आणि सहा महिन्यांत म्हणते, आपलं नाव, पाटी, पुडा, सगळंच बदलायला हवं. वडील म्हणतात, चाललंय ते चालू दे. असा प्रसंग आला की बघणारे लगेच बाजू निवडतात. तरुण माणसं मुलीच्या बाजूने उभी राहतात, पिढीजात व्यापारी वडिलांच्या. माझ्या मते ही निवडच चुकीची आहे, कारण ती दोघं एकाच प्रश्नाचं उत्तर देत नसतात. गिऱ्हाईक दुकान कशावरून ओळखतं हे वडिलांना ठाऊक असतं. ती ओळख कागदोपत्री आपल्या मालकीची नाही, हे मुलीला दिसत असतं. आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून असतं, त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल घरात कोणीच बोलत नाही: नव्या नावाचा धोका पत्करणाऱ्या मुलीचा त्या दुकानात कायद्याने वाटा किती?

हे नीट उलगडायचं तर एका दुकानात शिरावं लागेल. पुढची गोष्ट कोणा एका कुटुंबाची नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या मसाल्याच्या दुकानांत जे पुन्हापुन्हा घडतं, ते एका दुकानात आणून मांडतो आहे.

दुकान आजोबांनी काढलेलं. पाटीवर आडनाव आणि पुढे ‘मसालेवाले’. मुख्य माल कांदा-लसूण मसाला, म्हणजे त्या भागातली चटणी. शिवाय गरम मसाला, हळद, मिरची पूड. फेब्रुवारीपासून मेपर्यंत खरा सीझन, कारण घरोघरी वर्षाची चटणी पावसाळ्याआधी करून ठेवायची असते. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, लवंगी तिखटपणासाठी, आणि तिन्हींचं प्रमाण ठरवणं हेच दुकानाचं भांडवल. आजोबांच्या मागे दोन भाऊ वेगळे झाले. थोरल्याकडे मूळ दुकान राहिलं, धाकट्याने बसस्टँडजवळ दुसरं काढलं. पाटी तीच, आडनाव तेच, पुडाही जवळपास तसाच लाल. वाटणीच्या कागदात जागा लिहिली होती, डंकाची यंत्रं लिहिली होती, येणी-देणी लिहिली होती. नावाचा उल्लेख नव्हता.

थोरल्याची मुलगी पुण्याहून आली ती एक आराखडा घेऊनच. आडनावाऐवजी चार अक्षरांचं एक इंग्रजी नाव. लाल प्लॅस्टिकच्या पुड्याऐवजी तपकिरी कागदाची उभी राहणारी पिशवी, पुढे पारदर्शक खिडकी, म्हणजे आतला मसाला दिसेल. गुढीपाडव्याला नवी पाटी. तिचं कारण साधं होतं. पुण्या-मुंबईला माल पाठवायला लागल्यापासून तिला रोज एक प्रश्न येत होता: तुम्ही बसस्टँडवाले की पेठेतले? एकदा काकांच्या दुकानातल्या खवट मालाची तक्रार हिच्या फोनवर आली आणि पैसेही हिनेच परत केले.

वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं बाळ, पाटी बदलली की लोकांना वाटतं दुकान विकलं.”

“अण्णा, पण लोक आत्ताच आपल्याला दुसरे समजतात, त्याचं काय?”

“समजतात ते लांबचे. रोज येतो तो नाही समजत.”

या तीन वाक्यांत सगळा वाद आला. आता वडिलांच्या शंका एकेक करून बघू, कारण अशा घरांत त्या सहसा ‘भीती’ म्हणून बाजूला सारल्या जातात. मला त्या भीती वाटत नाहीत. दुकानात चाळीस वर्षं उभं राहून जमलेली ती माहिती आहे, फक्त ती आकड्यांत नसते म्हणून मुलीला वाचता येत नाही.

पहिली शंका पिशवीबद्दल. कांदा-लसूण मसाल्यात कांदा, लसूण, खोबरं, तीळ तेलावर परतून घातलेले असतात. तो कोरडा मसाला नव्हे, त्याला तेल सुटतं. नुसत्या कागदात भरला तर आठवड्याभरात डाग बाहेर येतात, म्हणून कागदाच्या आत तेल आणि हवा अडवणारा प्लॅस्टिकचा थर लागतोच. मग तो कागद फक्त दिसण्यापुरता उरतो. पारदर्शक खिडकीचा प्रश्न याहून मोठा. मिरचीचा लाल रंग प्रकाशाने आणि हवेने उडतो. दुकानाच्या पुढच्या फळीवर उन्हाच्या बाजूला ठेवलेला पुडा काही आठवड्यांत खिडकीपुरता फिकट होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल जुना आहे. वडील एवढंच म्हणाले होते, “उजेड लागू देऊ नये.” मुलीला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. ते रसायनशास्त्र होतं.

दुसरी शंका मुहूर्ताची. पाडवा सहसा मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो, म्हणजे ऐन सीझनमध्ये. वर्षाच्या विक्रीचा मोठा भाग ज्या तीन-चार महिन्यांत होतो, त्यांच्या मधोमध पुडा बदलणं म्हणजे चुकलं तर सावरायला वर्षभर थांबणं. मुलीला पाडवा हा शुभ दिवस म्हणून हवा होता. वडिलांनी दसरा सुचवला. तेव्हा पाऊस संपलेला असतो, हवेतली ओल गेलेली असते, पितृपक्ष मागे पडलेला असतो आणि पुढचा सीझन सुरू व्हायला चार महिने हातात असतात. चूक दिसली तर दुरुस्त करता येते. नव्या पाटीच्या तारखेचा निर्णय कुठल्याही जाहिरात संस्थेपेक्षा या वडिलांनी चांगला घेतला.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची शंका ओळखीची. इथे सांगलीच्या पेठेतून थोडं बाहेर जाऊन एक प्रसिद्ध उदाहरण बघायला हवं. अमेरिकेत पेप्सिको कंपनीने 2009 च्या जानेवारीत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचा खोका बदलला. जुन्या खोक्यावर संत्र्यात खुपसलेली नळी होती. नव्यावर रसाचा पेला आला, अक्षरं बदलली, सगळं नीटनेटकं झालं. रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच कंपनीने जुना खोका परत आणण्याचं जाहीर केलं. लोकांनी रस नाकारला नव्हता. फळीवर नेहमीच्या जागी हात घातला तेव्हा त्यांना आपला खोका सापडला नाही, आणि जे सापडलं ते दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त मालासारखं वाटलं. एवढ्या मोठ्या कंपनीकडे पैसा होता, म्हणून ती परत फिरू शकली. पेठेतल्या दुकानाला परत फिरायचा खर्च झेपत नाही, म्हणून त्याने आधी तपासायला हवं.

तपासायचं कसं? ऑस्ट्रेलियातल्या एरेनबर्ग-बास संस्थेत जेनी रोमॅनियुक यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. नाव, रंग, आकार, चित्र यांपैकी प्रत्येक खुणेला त्या दोन प्रश्न विचारतात. ही खूण पाहून किती लोकांना आपण आठवतो? आणि ती पाहून आपल्याशिवाय दुसरं कोणी आठवतं का? पहिल्याचं उत्तर मोठं आणि दुसऱ्याचं लहान असेल तर ती खूण जपायची. दोन्ही मोठी असतील तर ती खूण आपली एकट्याची नाही. दोन्ही लहान असतील तर तिला पुढे आणायला वाव आहे. यासाठी मोठी संस्था लागत नाही. गल्ल्याशेजारी एक वही पुरते.

आमच्या गोष्टीतल्या मुलीने महिनाभर तेच केलं. गिऱ्हाईक मसाला मागताना नेमकं काय म्हणतं, ते तिने शब्दशः लिहून ठेवलं. शिवाय जुन्या पुड्याचे तुकडे वेगवेगळ्या पुठ्ठ्यांवर चिकटवले. एकावर फक्त आडनाव, एकावर फक्त लाल रंग आणि पिवळी पट्टी, एकावर बिलाच्या कोपऱ्यात आजोबांनी छापून घेतलेलं उखळ-मुसळाचं चित्र. ते दाखवून पन्नासेक लोकांना विचारलं, हे कोणाचं?

आडनाव जवळजवळ सगळ्यांनी ओळखलं, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी बसस्टँडचं दुकान सांगितलं. लाल-पिवळ्याचंही तसंच, थोडं कमी. उखळ-मुसळ फार थोड्यांना आठवलं, पण ज्यांना आठवलं त्यांच्यापैकी एकानेही काकांचं दुकान म्हटलं नाही. आणि वहीत एक भलतीच गोष्ट सापडली. चाळिशीच्या पुढची माणसं पाटीवरचं नाव घेतच नव्हती. ती म्हणत होती, “तात्यांची चटणी द्या.” तात्या म्हणजे आजोबा. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि त्यांचं नाव पुड्यावर, पाटीवर, बिलावर कुठेच नव्हतं.

हे सापडल्यावर मुलीचा आराखडा अर्धा कोसळला आणि अर्धा पक्का झाला. आडनाव पुरेसं वेगळं नाही, हे तिचं म्हणणं खरं निघालं. त्याजागी परकं नाव आणायचं, हे मात्र चुकलं, कारण जे नाव लोकांच्या तोंडात आधीच होतं ते फुकट पडून होतं. आणि लाल रंग सोडायचा नाही, हा वडिलांचा हट्ट योग्य ठरला. तो काकांचाही असला तरी गिऱ्हाईक लांबून त्याच रंगाकडे बघत चालत येतं.

आता मालकीचा प्रश्न, जिथे मुलगी बरोबर असते आणि बहुतेक वडील गाफील असतात. आडनाव आपलंच आहे, मग ते कोण घेणार, असं त्यांना वाटतं. पण 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याचं कलम 35 सांगतं की कोणी प्रामाणिकपणे स्वतःचं नाव धंद्याला वापरत असेल तर नोंदणी असलेल्यालाही त्याला अडवता येत नाही. काकाही तेच आडनाव लावतात. तेव्हा आडनावावर भिस्त ठेवून काकांशी कोर्टात भांडायचं तर हाती काय लागेल याची खात्री नाही. भावाभावांत वाटलेल्या नावाचं पुढे काय होतं ते मोठ्या घराण्यांत दिसलंच आहे. बिकानेरहून आलेल्या हल्दीराम कुटुंबाच्या दिल्ली आणि कोलकाता शाखा नावावरून वर्षानुवर्षं न्यायालयात होत्या. पार्ले हे नाव वापरण्यावरून पार्ले प्रॉडक्ट्स आणि पार्ले ॲग्रो मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. वाटणी करताना नावाचं काय, हे स्पष्ट लिहून ठेवलं तर पुढच्या पिढीचा पुष्कळ पैसा वाचू शकतो.

याच कायद्याचं कलम 34 मात्र पेठेतल्या दुकानाच्या बाजूचं आहे. एखादं चिन्ह आपण आधीपासून सतत वापरत असू, तर दुसऱ्याने नंतर वापरायला घेऊन नोंदवलं तरी तो आपल्याला थांबवू शकत नाही. अट एकच, आधीचा वापर सिद्ध करता आला पाहिजे. नोंदणीच्या अर्जातही पूर्वीच्या वापराचा दावा केला तर प्रतिज्ञापत्रासोबत पुरावे जोडावे लागतात. पुरावे म्हणजे काय? जुनी बिलबुकं, जकातीच्या पावत्या, विक्रीकराचे कागद, गणेशमंडळाच्या स्मरणिकेत दिलेली पाव पानाची जाहिरात, दुकानासमोर काढलेला तारखेचा फोटो. मुलीला माळ्यावरचं जे गाठोडं रद्दीत घालायचं होतं आणि वडील घालू देत नव्हते, त्यात उखळ-मुसळाच्या चित्राची तीस वर्षांपूर्वीची बिलं निघाली. वडिलांनी ती कायद्यासाठी ठेवली नव्हती, तात्यांच्या हातची म्हणून ठेवली होती. पण अर्जाला जोडायला त्यांच्याइतकं मोलाचं घरात दुसरं काही नव्हतं.

नोंदणीची प्रक्रिया फार अवघड नाही. आधी सरकारच्या संकेतस्थळावर शोध घ्यायचा. शब्द जसाच्या तसा, आणि उच्चाराने जवळचे शब्दही. मसाल्यासाठी वर्ग 30, लोणच्यासाठी वर्ग 29. अर्ज ऑनलाइन भरला तर व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपये शुल्क आहे. मग तपासणी होते, आक्षेप आले तर उत्तर द्यायचं, नंतर चिन्ह व्यापारचिन्हांच्या पत्रिकेत छापून येतं आणि चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी मिळाली की दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातलं आर हे अक्षर पुड्यावर छापायचं नाही. नोंदणी नसताना ती असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. ‘तात्या’ हा महाराष्ट्रात घरोघरचा शब्द आहे. नुसत्या त्या शब्दावर एकट्याचा हक्क मिळवणं कठीण, आणि मिळाला तरी टिकवणं त्याहून कठीण. म्हणून मुलीने शब्द आणि उखळ-मुसळ मिळून एक चिन्ह केलं. अशा एकत्र चिन्हाची नोंदणी झाली तर हक्क त्या पूर्ण रचनेवर मिळतो, तिच्यातल्या प्रत्येक तुकड्यावर आपोआप मिळत नाही. उद्या दुसऱ्या कोणी नुसतं ‘तात्या’ वापरलं तर भांडण सोपं नसेल. पण तो शब्द आणि उखळ दोन्ही उचलले, तर बाजू भक्कम असेल. सगळं आपल्या मुठीत येणार नाही, हे आधीच कळलेलं बरं.

पाटीबद्दलही तिला एक गोष्ट बदलावी लागली. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली. आता छोट्या दुकानांनाही पाटीवर मराठी देवनागरीत लिहावी लागते आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. पुण्याच्या चित्रकाराने तिला सगळं आधी रोमन अक्षरांत काढून दिलं होतं आणि देवनागरी शेवटी खाली चिकटवली होती. दुकान मराठी, गिऱ्हाईक मराठी, कायदाही मराठीच मागतो, तर नाव आधी देवनागरीत उभं राहिलं पाहिजे. मला विचाराल तर हा नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पेठेतल्या रंगाऱ्यांनी वर्षानुवर्षं ब्रशने जी जाड, डौलदार अक्षरं काढली, त्यांच्याहून देखणं आणि लांबून वाचता येणारं फार थोडं संगणकावरून आलं आहे.

खर्चाचं गणितही वडिलांच्याच बाजूने थोडं झुकतं. छापील प्लॅस्टिक पिशव्या जास्त संख्येने काढायच्या तर प्रत्येक रंगासाठी वेगळं सिलिंडर कोरून घ्यावं लागतं. ते एकदा कोरलं की अक्षर बदलायचं म्हणजे पुन्हा कोरायचं, आणि छापणारा थोड्या मालाला हात लावत नाही. म्हणून आधी साध्या लाल पिशवीवर छापील लेबल लावून किंवा डिजिटल छपाईने थोडा माल काढून नवा पुडा जुन्याच्या शेजारी ठेवायचा. समजा दुकानात जुन्या 40,000 पिशव्या शिल्लक आहेत आणि महिन्याला 5,000 लागतात. तर आठ महिने जुना माल संपायलाच लागणार, आणि तेवढा वेळ चाचणीला मिळतो. पिशव्या फेकून दिल्या तर नुकसान, आणि घाई केली तर परत फिरण्याची वाटही बंद.

या आठ महिन्यांत एक पथ्य कडक पाळायचं. पुडा बदलत असताना चवीला हात लावायचा नाही. मिरचीचं प्रमाण, तेल, कुटण्याची जाडी, काहीही नाही. नवा पुडा हातात आल्यावर काही गिऱ्हाइकं हमखास म्हणतील, चव बदलली. चव खरंच तशीच असेल तर आपण ठामपणे सांगू शकतो, आणि दोन-तीन खेपांनंतर ती तक्रार आपोआप विरते. पण त्याच वेळी ब्याडगी महाग झाली म्हणून प्रमाण बदललं असेल, तर तक्रार पुड्यामुळे आली की चवीमुळे, हे कधीच कळणार नाही. यात सगळ्यात जास्त दुकानं फसतात. भाव वाढवायचा असेल तर तोही याच वेळी नको. नवी पिशवी आणि नवा भाव एकत्र आले की लोकांना पिशवीचे पैसे आपल्याकडून काढले असं वाटतं.

मोठ्या घरातल्या मुलीने आणखी एक वाट दाखवली आहे, ती इथे लागू पडते. नादिया चौहान 2003 मध्ये वडिलांच्या पार्ले ॲग्रोत आल्या. तिथे फ्रूटी हे 1985 पासून रुजलेलं नाव होतं. 2005 मध्ये ॲपी फिझ आलं, वेगळ्या बाटलीत आणि वेगळ्या चेहऱ्याने. फ्रूटीचा चेहरा मोठ्या प्रमाणावर बदलला तो 2015 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. मसाल्याच्या दुकानातही हा क्रम शक्य आहे. पुण्या-मुंबईला जाणारी नवी वस्तू, म्हणजे कांदा-लसूण न घातलेला मसाला किंवा तयार वाटण, नव्या नावाने काढावी. तिला जुनी ओळख नसल्याने गमावण्यासारखंही काही नसतं. तपकिरी कागदाची पिशवी मुलीला इतकी आवडते, तर ती इथे वापरावी, फक्त खिडकी नको.

आता तो तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

पेठेतलं दुकान बहुतेक वेळा वडिलांच्या एकट्याच्या नावावर असतं. कायद्याच्या भाषेत ती एकल मालकी. दुकानाचा पॅन म्हणजे वडिलांचाच पॅन, जीएसटीची नोंदणी त्यावर, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना वडिलांच्या नावाने. मुलगी सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत तिथे उभी असते, फोन तिचा, हिशेब तिचा, नवी गिऱ्हाइकं तिने आणलेली. पण कागदावर ती कोणीच नसते, साधी पगारी नोकरही नसते. घरात कोणाला यात वावगं वाटत नाही, कारण सगळं शेवटी तिचंच, असं म्हटलं जातं. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला जन्मतः मुलाइतकाच सहदायिक हक्क मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो स्पष्ट केला, हे खरं. पण तो हक्क वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला आहे. वडिलांनी स्वतःच्या नावावर चालवलेल्या धंद्यात रोज राबणारी मुलगी त्यामुळे भागीदार होत नाही. वडिलांच्या माघारी दुकान वारसांत वाटलं जाईल, आणि नाव ज्याच्या अर्जावर नोंदलं आहे, त्याच्या वारसांत जाईल. मुलीने बारा वर्षं उभारलेली ओळख तेव्हा परदेशातून आलेल्या भावाच्या बरोबरीने मोजली जाईल, आणि भावाने त्यात एक दिवसही घातलेला नसेल. भाऊ वाईट असतो असं नाही. कागदात लिहिलेलं नसलं की चांगल्या माणसांनाही काय न्याय्य हे ठरवता येत नाही. आजोबांच्या दोन मुलांचं तेच झालं.

म्हणून नव्या चिन्हाच्या अर्जात अर्जदार कोण, या रकान्यापाशी घरातल्या सगळ्यांनी थांबायला हवं. वडिलांच्या एकट्याच्या नावाने अर्ज केला तर मुलगी बाहेर. मुलीच्या एकटीच्या नावाने केला तर वडिलांची चाळीस वर्षं आणि आजोबांची बिलं बाहेर, आणि पूर्वीच्या वापराचा दावाही डळमळीत. सरळ उत्तर भागीदारीचं आहे: दोघांची भागीदारी संस्था, 1932 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार, नफ्यातला वाटा ठरलेला, आणि चिन्ह संस्थेच्या वतीने दोघांच्या नावाने. करारात दोन गोष्टी स्पष्ट लिहायच्या. एक, वडिलांनी आजवर वापरलेलं चिन्ह आणि त्याची प्रतिष्ठा संस्थेकडे येत आहे. दोन, पुढे कोणी वेगळं झालं तर नाव कोणाकडे राहील.

याला खर्च आहे आणि त्रासही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. भागीदारी संस्थेचा पॅन वेगळा असतो, म्हणून जीएसटीची नोंदणी नवी लागते, बँक खातं नवं, अन्न परवाना नव्या नावाने, आणि परवान्याचा आकडा बदलला की पुड्यावरचं लेबलही बदलतं. पण म्हणूनच ही कामं पाटीच्या आधी करायची. आधी पाटी आणि पुडा बदलून मग दोन वर्षांनी भागीदारी केली, तर तेच लेबल, तीच सिलिंडरं दुसऱ्यांदा करावी लागतात. आधी करार केला तर सगळं एकाच खर्चात होतं. जे व्यवहाराला सोपं तेच मुलीला न्याय्य आहे, असं फार वेळा घडत नाही, इथे घडतं.

काही वडील म्हणतील, आधी तिने करून दाखवावं, मग वाटा देऊ. हे ऐकायला वाजवी वाटतं, पण ते तसं नाही. नव्या नावाने विक्री पडली तर दोष तिचा ठरणार आणि वाढली तर नाव वडिलांचं होणार, अशी अट मुलाला कोणी घालत नाही. वाटा सुरुवातीला लहान असू द्या. दहा टक्के असला तरी चालेल, दर वर्षी वाढेल असं लिहा. पण तो शून्य असता कामा नये. ज्याच्या हातात सही नाही, त्याला सावधपणे वागायचं कारणही नसतं. वाटा मिळाला की हीच मुलगी सिलिंडर कोरायच्या आधी दहा वेळा विचार करेल, वडिलांच्या प्रत्येक शंकेला वहीत जागा देईल, कारण बुडालं तर तिचंही बुडेल.

आणि मुलींना माझं सांगणं असं की वडील ‘नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘का’ विचारू नका, ‘कधी असं झालं होतं?’ असं विचारा. का विचारलं की ते सर्वसाधारण बोलतात, चिडतात. कधी विचारलं की गोष्ट सांगतात: अमुक साली पिशवीचा रंग फिका आला होता तेव्हा खेड्यातली गिऱ्हाइकं महिनाभर परत गेली, तमुक साली बोर्ड रंगवायला काढला तर लोकांना वाटलं दुकान बंद झालं. या गोष्टींतून चाचणी काय घ्यायची ते कळतं. बोर्ड उतरवायचा असेल तर त्याच दिवशी कापडी फलक लावून ‘दुकान चालू आहे’ लिहायचं, नव्या पाटीखाली वर्षभर जुन्या नावाची ओळ ठेवायची, पेठेतल्या शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगायचं. ही सगळी उत्तरं वडिलांच्या शंकांतूनच निघतात.

ज्या घरात या दसऱ्याला नवी पाटी लावायची चर्चा चालू आहे, त्यांना एवढीच विनंती. रंगाऱ्याला आगाऊ पैसे देण्याआधी एका संध्याकाळी वडील, मुलगी आणि बाहेरगावी असलेला भाऊ फोनवर, असे सगळे वकिलासमोर बसा, भागीदारीपत्राचा मसुदा वाचा आणि त्यावर सह्या करा.